वेरूळ-दौलताबादच्या दिवसासाठी ड्रायव्हरदादांना पाठवलेला मेसेज

घरच्या सहा माणसांना संभाजीनगरहून एका दिवसात घृष्णेश्वर, वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि संध्याकाळी बीबी का मकबरा दाखवून आणायचं होतं. आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुलं, नऊ आणि तेरा वर्षांची. उतरायला स्टेशन रोडवरचं हॉटेल, फिरायला एजन्सीकडून ठरवलेली अर्टिगा, महिना डिसेंबर. आदल्या रात्री ड्रायव्हरदादांना जो मेसेज पाठवला, तो कसा तयार झाला आणि त्यातली कोणती ओळ कशासाठी होती, ते इथे लिहितो आहे. मेसेज जसाच्या तसा खाली दिला आहेच, पण त्यातल्या वेळा उचलून स्वतःच्या ट्रिपला चिकटवण्यात अर्थ नाही. त्या कशा काढल्या, ते कळलं तर उपयोग.

सगळ्यात आधी वार. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. या दोन वारांची अदलाबदल भल्याभल्यांची होते. सोमवारी लेणी उघडी असली तरी त्या दिवशी घृष्णेश्वराला रांग असते. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी असते आणि त्याच रस्त्याने वेरूळला जायचं असतं. रविवारी सगळीकडेच गर्दी. उरले बुधवार, गुरुवार, शुक्रवार. आम्ही गुरुवार धरला. श्रावणात किंवा महाशिवरात्रीच्या आसपास जाणार असाल तर मात्र दर्शनाच्या वेळेचा कुठलाच हिशोब लागू पडत नाही. मंदिर आणि लेणी एका दिवसात बसवायचा हट्ट तेव्हा सोडलेला बरा.

मग क्रम. शहरातून निघालं की साधारण पंधरा किलोमीटरवर दौलताबाद लागतं, पुढे घाट चढून खुलताबाद, तिथून खाली उतरलं की वेरूळ, असा सगळा मिळून तीसेक किलोमीटरचा रस्ता. त्यामुळे या रूटवरचे ड्रायव्हर सवयीने दौलताबाद आधी करतात. वाटेत पहिलं तेच लागतं, त्यात चूक काही नाही. पण आमच्याकडे आजी-आजोबांना दर्शन झाल्याशिवाय काही खायचं नव्हतं. साडेसातला दौलताबादला थांबलो असतो तर दर्शनाला दुपार झाली असती आणि तोवर दोन म्हाताऱ्या माणसांच्या पोटात काही नाही. शिवाय डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचे दिवस. सहलींच्या बस लेण्यांपाशी लागायला लागल्या की कैलास लेण्याच्या अंगणात उभं राहायला जागा मिळत नाही. म्हणून आधी मंदिर, मग लेणी, परतीच्या वाटेवर दौलताबाद आणि अंधार पडायच्या सुमाराला मकबरा, असं ठरलं. मकबरा शेवटी ठेवण्याचं कारण साधं आहे. लेणी आणि किल्ला सूर्यास्ताबरोबर बंद होतात, मकबरा त्यानंतरही उघडा असतो. जे आधी बंद होतं ते आधी बघायचं.

इथे उन्हाचाही एक मुद्दा आहे. वेरूळचा सगळा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी लेण्यांसमोर डोंगराचीच सावली असते, दुपारनंतर ऊन थेट आत येतं. कोरीवकामाचे फोटो काढायचे असतील तर दुपार चांगली आणि म्हाताऱ्या माणसांना फिरवायचं असेल तर सकाळ. आम्ही सकाळ घेतली. एप्रिल-मे असता तर हा क्रमच बदलला असता. तेव्हा दुपारी तीनला दौलताबाद चढणं म्हणजे तापल्या तव्यावर चालणं. किल्ला उघडल्या उघडल्या चढून घ्यायचा आणि मंदिर पुढे ढकलायचं.

क्रम ठरल्यावर वेळा काढल्या, त्या शेवटाकडून. डिसेंबरात या भागात सहाच्या आत सूर्य मावळतो. किल्ला पूर्ण चढून उतरायचा तर चढ-उताराला, अंधेरी नावाच्या काळोख्या भुयारी वाटेला आणि वर थोडं बसायला मिळून अडीच तास लागतात. पायऱ्या साडेसातशेच्या आसपास आहेत आणि तेरा वर्षांचा मुलगा पळत गेला तरी नऊ वर्षांची मुलगी मध्ये थांबते. म्हणजे सव्वापाचला खाली गाडीपाशी यायचं तर अडीचला किल्ल्याच्या दारात असायला हवं. अडीचला दौलताबाद म्हणजे दोनला वेरूळ सोडायचं, कारण मध्ये घाट आहे आणि चौदा-पंधरा किलोमीटरला अर्धा तास धरावाच लागतो. दोनला निघायचं तर एकला जेवायला बसायचं, म्हणजे एकला लेण्यांतून बाहेर. लेण्यांना तीन तास हवेत, म्हणून दहाला आत. त्याआधी नाश्ता, त्याआधी दर्शन, म्हणून आठला मंदिर आणि सातला हॉटेल. असं मागे मागे येत गेलं की सकाळची वेळ आपोआप निघते. उलट सकाळपासून पुढे मोजत गेलं की प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं सैल सुटतं आणि किल्ल्याच्या वाट्याला दीड तास उरतो. दीड तासात मंडळी खंदकापर्यंत जाऊन परत येतात आणि वर जाता आलं नाही म्हणून रात्रभर हळहळतात.

गाडीतल्या बैठकीचाही वेळेशी संबंध आहे. सहा प्रवासी आणि ड्रायव्हर म्हणजे अर्टिगा पूर्ण भरली. मागच्या दोन सीटवरून उतरायचं तर मधली एक बाजू पुढे केल्याशिवाय वाट मिळत नाही, म्हणजे तिथे बसलेल्याने आधी उतरायचं. आजोबा तिथे बसले तर प्रत्येक ठिकाणी त्यांना आधी उतरवा, मग सीट पुढे करा, मग मुलं बाहेर. चढतानाही तेच सगळं उलटं. म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजी पुढे, आजोबा मध्ये ड्रायव्हरच्या मागे, मधोमध आई, डाव्या दाराशी बाबा आणि मागे मुलं. इतकं करूनही एका थांब्यावर चढण्या-उतरण्यात दहा मिनिटं जातात. वर लिहिलेल्या वेळांमध्ये ती धरलेली आहेत. घाटात मागच्या सीटवर मुलांना मळमळतं, त्यामुळे दर्शनाआधी मुलांना बिस्किटं द्यायची, पण दूध द्यायचं नाही. हे ड्रायव्हरला सांगायचं नसतं, पण त्याच्या सीट कव्हरचा प्रश्न असतो.

आता पैशांचा हिशोब, कारण तो मेसेजमध्ये एका ओळीत यावा लागतो. एजन्सी आधी आठ तास आणि ऐंशी किलोमीटरचं पॅकेज सांगते. किलोमीटर जेमतेम त्यात बसतात. गाडीच्या जागेपासून हॉटेल सहा, हॉटेल ते वेरूळ एकतीस, मंदिर ते लेणी आणि आसपास दोन, वेरूळ ते दौलताबाद चौदा, तिथून मकबरा पंधरा, मकबरा ते हॉटेल सहा आणि परत गाडीच्या जागी सहा. झाले ऐंशी. तास मात्र कुठल्या कुठे जातात. बहुतेक एजन्सी मीटर गॅरेज टू गॅरेज मोजतात, म्हणजे गाडी सव्वासहाला सुटते आणि पावणेआठच्या सुमाराला परत जाते. साडेतेरा तास. आठ तासांच्या पॅकेजवर साडेपाच तास जादा लागले की दिवसभराच्या ठोक भावापेक्षा बिल वर जातं. म्हणून पॅकेज न घेता ‘सकाळी सव्वासहा ते रात्री आठ, ही चार ठिकाणं’ असं सांगून ठोक भाव घेतला. पार्किंग आणि टोल लागला तर वेगळा की त्यातच, ड्रायव्हरचा भत्ता त्यातच की हातात द्यायचा, हे दोन प्रश्न तेव्हाच विचारून टाकले. पार्किंग आमच्याकडे आलं, भत्ता भावात होता, जेवण आम्ही द्यायचं ठरलं.

एजन्सीला हे सगळं माहीत असलं तरी गाडी चालवणारा माणूस वेगळा असतो. नाव आणि गाडीचा नंबर बहुतेक वेळा आदल्या रात्री येतो आणि तोवर एजन्सीने त्याला ‘उद्या वेरूळ लोकल’ एवढंच सांगितलेलं असतं. म्हणून मेसेज एजन्सीच्या ग्रुपवर टाकून भागत नाही. ड्रायव्हरच्या नंबरवर थेट पाठवायचा आणि त्याची एक प्रत एजन्सीला. आधी फोन करून दोन मिनिटं बोलायचं, मग लिहिलेलं पाठवायचं. फोनवर सांगितलेल्या सात वेळा कुणाच्याच लक्षात राहत नाहीत आणि नुसता मेसेज पाठवला तर तो सकाळी गाडी काढतानाच वाचला जातो. तेव्हा सीएनजी भरलेला नाही हे कळून काही उपयोग नसतो.

पाठवलेला मेसेज असा:

> नमस्कार दादा. आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे उद्या गुरुवारचा कार्यक्रम.
>
> माणसं ६. आजी-आजोबा (आजींना गुडघ्यांचा त्रास, पुढची सीट त्यांना), दोघं मोठे, दोन मुलं. मोठं सामान नाही. कॅरिअर लागणार नाही.
>
> सकाळी ६:४५ – गाडी हॉटेलच्या दारात. लोकेशन खाली पाठवलं आहे. गेट समोरच्या गल्लीत आहे, मेन रोडवर नाही.
> सकाळी ७:०० – निघणे (पक्की वेळ). जाताना दौलताबादला थांबायचं नाही. ते येताना करायचं आहे. आजी-आजोबा दर्शनाआधी काही खात नाहीत, म्हणून आधी थेट मंदिर.
> सकाळी ८:०० – घृष्णेश्वर. सगळ्यांचे मोबाइल, चपला, पट्टे गाडीत राहतील. त्यामुळे फोन करता येणार नाही. गाडी जिथे लावाल तिथेच थांबा, आम्ही सव्वानऊपर्यंत तिथेच येतो.
> सकाळी ९:१५ – जवळच नाश्ता. तुम्हीही आमच्याबरोबर.
> सकाळी १०:०० – लेण्यांच्या मेन गेटला सोडणे. आत आम्ही बसने फिरू.
> दुपारी १:०० – तिथूनच घेणे. निघताना फोन करतो, १० मिनिटांत गेटवर या.
> दुपारी १ ते २ – वेरूळमध्येच जेवण. तुमचंही याच वेळेत. पुढे किल्ल्यावर गाडी सोडून जाता येणार नाही.
> दुपारी २:०० – निघणे (पक्की वेळ).
> दुपारी २:३० – दौलताबाद. आजी-आजोबा पावणेचारला परत येऊन गाडीत बसतील. गाडी सावलीत आणि गेटजवळ हवी. बाकीचे ५:१५ ला येतील.
> संध्याकाळी ५:१५ – निघणे. ५:५० पर्यंत मकबरा.
> संध्याकाळी ६:४५ – मकबऱ्याहून हॉटेल. काम संपलं.
>
> उशीर झाला तर जैन लेणी गाळू. दौलताबाद गाळायचं नाही.
> साडी-शालींच्या दुकानात थांबायचं नाही. पेरू किंवा सीताफळं दिसली तर येताना ५ मिनिटं थांबू.
> सीएनजी आज रात्रीच भरून ठेवा. पार्किंग आम्ही देऊ. टोल लागला तर तोही.
> सकाळी निघताना मीटरचा फोटो पाठवा. आठवणीने.
> आमचा नंबर हाच. दुसरा नंबर आजोबांचा, खाली दिला आहे.
> यात काही जमणार नसेल किंवा रस्ता बंद असेल तर आत्ताच सांगा.

याच्यावर दादांकडून ‘ओके’ आलं. ‘ओके’वर थांबायचं नसतं. पुन्हा विचारलं, ‘सकाळी किती वाजता आणि आधी कुठे?’ उत्तर आलं, ‘पावणेसात, हॉटेल. आधी मंदिर, दौलताबाद येताना.’ एवढं त्याच्या शब्दांत आलं की मेसेज पोचला असं समजायचं. या भागातले अनेक ड्रायव्हर मराठी उत्तम बोलतात, पण वाचायला हिंदी सोपी जाते. काहींना गाडी चालवताना वाचणं शक्यही नसतं. म्हणून हेच सगळं एका मिनिटाच्या व्हॉइस मेसेजमध्येही सांगून ठेवलं. फक्त वेळा आणि जागा, बाकी काही नाही.

आता मेसेजमधल्या काही ओळींबद्दल.

प्रत्येक वेळेच्या आधी सकाळी, दुपारी, संध्याकाळी लिहिलेलं आहे. दिवसाच्या ट्रिपला ते जास्तीचं वाटतं. पण स्टेशनवरून रात्री साडेबाराला माणसं घ्यायची असतील तेव्हा हीच सवय कामाला येते. ‘शनिवारी १२:३०’ असं लिहिलं तर कुणी शनिवारी दुपारी येतो आणि कुणी शुक्रवार संपता संपता. तिथे ‘शनिवारची रात्र, रविवार लागल्यावर १२:३०’ असं लांबलचकच लिहावं लागतं.

वेळांमध्ये दोनच ‘पक्क्या’ आहेत, सकाळचे सात आणि दुपारचे दोन. सगळ्याच वेळा पक्क्या लिहिल्या तर ड्रायव्हर एकही मनावर घेत नाही, कारण घरची मंडळी पहिल्याच थांब्यावर वीस मिनिटं उशिरा येतात हे त्याने रोज पाहिलेलं असतं. दोनच असल्या की तोही त्या सांभाळायला मदत करतो. दोनच्या आधी पंधरा मिनिटं दादांनी स्वतःहून हॉटेलवाल्याकडे बिल मागितलं, ते याच ओळीमुळे.

सातच्या वेळेला आणखी एक कारण आहे. दौलताबादपाशी हा रस्ता कोटाच्या जुन्या दरवाजातून जातो आणि तिथे समोरून मोठी गाडी आली की थांबावं लागतं. सकाळी सातला निघालेली गाडी तिथून सहज पार होते. नऊला निघालेल्या गाडीपुढे सहलीच्या बस असतात आणि समोरून एखादा ट्रॅक्टर. मग हाच तासाभराचा रस्ता सव्वा-दीड तासावर जातो. नकाशावर दिसणारी वेळ या दरवाजासाठी धरू नये.

घृष्णेश्वराची ओळ मेसेजमधली सगळ्यात महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण तीच लिहीत नाहीत. मंदिरात मोबाइल नेता येत नाही. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना अंगावरचा शर्ट आणि बनियन काढावा लागतो, कातडी पट्टा चालत नाही. साहजिकच सहा माणसांचे फोन, पट्टे, पाकिटं आणि चपला गाडीत ठेवून मंडळी जातात. इथवर ठीक. पण गाडीतच फोन राहिले की ड्रायव्हरला बोलवायचं कसं? आणि नेमकं त्याच वेळी पार्किंगवाल्याने गाडी मागे घ्यायला सांगितली किंवा ड्रायव्हर चहाला गेला तर सहा माणसं अनवाणी, बिनफोनची, गर्दीत पांढरी अर्टिगा शोधत फिरतात. तिथे पांढऱ्या अर्टिगा दहा उभ्या असतात. उपाय दोन. गाडी हलवायची नाही, हे आधीच सांगायचं. आणि उतरताना गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे मोठ्या मुलाला पाठ करायला लावायचे. पार्किंग समोरच्या दुकानाची पाटीही बघून ठेवायची. गाडी हलवावीच लागली तर ड्रायव्हरने त्या पाटीपाशी येऊन उभं राहायचं, असं उतरताना तोंडी ठरवलं होतं.

बाबांनी आणि आजोबांनी त्या दिवशी शर्टाऐवजी झब्बा घातला होता. दहा बटणं आणि पट्टा सोडण्यात रांगेतला नंबर जातो. एवढ्या छोट्या गोष्टीनेही पाच-सात मिनिटं वाचतात.

लेण्यांच्या बाबतीत ड्रायव्हरचं काम गेटवर सोडणं आणि गेटवर घेणं एवढंच. त्याची गाडी आत जात नाही. गेटमधून आत गेलं की समोर सोळा नंबरचं कैलास आहे. उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला एक ते पंधरा ही लेणी आणि डावीकडे उत्तरेला सतरापासून पुढची. जैन लेणी, तीस ते चौतीस, बरीच लांब आहेत. तिकडे जायला आतून बस मिळते. आम्ही तीन तास असे लावले होते: कैलासला सव्वा तास, मग विश्वकर्मा म्हणजे दहावं लेणं आणि बारावं तीन ताल, यांना पाऊण तास, उरलेल्या तासात बसने बत्तिसावी इंद्रसभा. चौतीसच्या चौतीस लेणी बघायची म्हणणाऱ्याने दौलताबाद दुसऱ्या दिवसावर टाकावं. बसची वाट बघण्यात वीस मिनिटं गेली की बत्तिसावं लेणं धावत बघावं लागतं. म्हणून उशीर झाला तर काय गाळायचं ते मेसेजमध्ये आधीच लिहून टाकलं. ही ओळ खरं तर ड्रायव्हरपेक्षा घरच्यांसाठी आहे. तिथे उभं राहून ‘आता काय करायचं’ या चर्चेत आणखी वीस मिनिटं जातात. लिहून ठेवलं की चर्चा होत नाही.

गेटवर घेण्याच्या वेळेला ‘फोन करतो, दहा मिनिटांत या’ असं लिहिलं, ‘एकला या’ असं लिहिलं नाही. मंदिराच्या उलट इथे सगळ्यांकडे फोन असतात आणि गेटसमोर गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. ड्रायव्हर पार्किंगमध्ये थांबतो, फोन आला की निघतो. फोन तिकिटाच्या गेटमधून बाहेर पडण्याआधी, आत चालत असतानाच करायचा. बाहेर येऊन केला तर विक्रेत्यांच्या गराड्यात दहा मिनिटं उभं राहावं लागतं आणि मुलं दगडाच्या माळा घेऊन मागतात.

दौलताबादची ओळ सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेली. तिथे एकाच गाडीत दोन वेळा माणसं परत येतात. आजी-आजोबांना महाकोटाच्या दरवाजातून आत, हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि चांद मिनार एवढं सपाटीवरचं बघायचं होतं. तेवढ्याला तास-सव्वा तास खूप झाला. बाकीचे चौघं खंदक ओलांडून अंधेरीतून वर बारादरीकडे जाणार. म्हणजे पावणेचार ते सव्वापाच हा दीड तास दोन थकलेली माणसं गाडीत बसणार. गाडी उन्हात असेल तर ती आत बसूच शकत नाहीत आणि दीड तास एसी चालू ठेवून उभं राहणं ड्रायव्हरला परवडत नाही. म्हणून सावली. म्हणूनच ड्रायव्हरचं जेवण वेरूळला आटोपून घ्यायचं, नाहीतर साडेतीनला तो जेवायला जातो, गाडी कुलूपबंद आणि आजी कट्ट्यावर. आजोबांचा नंबर मेसेजमध्ये दिला तो याच दीड तासासाठी. वर गेलेल्यांना अंधेरीत असताना फोन लागेल अशी आशा ठेवायची नाही.

काचा बंद ठेवायला सांगितलं होतं ते तोंडी. लेण्यांपाशी आणि किल्ल्यापाशी, दोन्ही ठिकाणी माकडं आहेत आणि अर्धी उघडी काच, आत केळी, एवढं त्यांना पुरतं.

दुकानांची ओळ लिहिताना सूर सांभाळावा लागतो. या रस्त्यावर पैठणी आणि हिमरू शालींची दुकानं आहेत आणि गिऱ्हाईक आणलं तर ड्रायव्हरला कमिशन मिळतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, त्याच्या रोजच्या कमाईचा तो भाग आहे. पण एका दुकानात चाळीस मिनिटं जातात आणि ती सरळ किल्ल्याच्या वेळेतून कापली जातात. ‘नेऊ नका’ असं दरडावलं की दिवसभर गाडीत अबोला. ‘थांबायचं नाही, पण पेरू दिसले तर थांबू’ असं लिहिलं की त्यालाही कळतं की थांबायला हरकत नाही, दुकानाला आहे. शाल घ्यायचीच असेल तर शेवटच्या दिवशी आपण आपलं जावं, वेळ ठेवून.

सीएनजीचं कारण वेगळं. सकाळी सहाला पंपावर रिक्षांची रांग असते. ‘जाता जाता भरून घेतो’ या वाक्यात अर्धा तास दडलेला असतो आणि तो नेमका सातच्या वेळेतून जातो. ऐंशी किलोमीटरला रात्री भरलेली टाकी पुरते.

प्रत्यक्ष दिवसात मेसेजपेक्षा काय वेगळं झालं ते सांगतो. दर्शनाला सव्वा तासाऐवजी दीड तास लागला, नाश्त्यात ती पंधरा मिनिटं भरून काढली. लेण्यांत दहाला गेलो खरे, पण अकराला कैलासात चार शाळा एकदम आल्या आणि आम्हाला तिथून लवकर निघावं लागलं. म्हणून जैन लेण्यांना उलट जास्त वेळ मिळाला. दौलताबादला पावणेतीनला पोचलो, कारण घाटात एक बस बंद पडली होती. साडेपाचला खाली आलो. सव्वापाच ही वेळ मेसेजमध्ये सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची धरली होती, ती याच पंधरा मिनिटांसाठी. मकबऱ्याला सव्वासहा झाले, अंधार पडला होता, दिवे लागले होते, त्याने काही बिघडलं नाही.

हॉटेलवर सव्वासात. तिथे दादांनी मीटरचा फोटो पुन्हा काढला. दोन्ही फोटो एकाखाली एक ठेवले, परतीचे सहा किलोमीटर मिळवले, बेरीज ब्याऐंशी आली. पेरूसाठी थांबलो तिथे गाडी थोडी पुढे जाऊन वळवून आणावी लागली होती. ठोक भाव ठरलेला असल्याने दोन किलोमीटरचा प्रश्न नव्हता. पार्किंगच्या पावत्या दादांनी डॅशबोर्डवर क्लिपला लावून ठेवल्या होत्या. त्या घेऊन तेवढे पैसे त्यांच्या हातात दिले, गाडीचे एजन्सीला ऑनलाइन गेले आणि एजन्सीला पाठवलेल्या मेसेजमध्ये दोन्ही फोटो जोडले.